शिल्लक रजेचा वर्षअखेरचा बोजा

शासनाचे हिशेब रोकड तत्त्वावर ठेवले जातात. त्यामुळे रजेच्या रोखीकरणाची रक्कम कर्मचारी निवृत्त होऊन ती त्याला अदा होते तेव्हाच खर्ची पडते. उपार्जन तत्त्वावर हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला मात्र ३१ मार्च रोजी, सर्व कर्मचारी त्याच दिवशी सेवेतून गेले तर किती देणे लागेल, याचा आकडा काढून तशी तरतूद करावी लागते.

समजा, एका संस्थेत तीन कायम कर्मचारी असून तिचे सेवानियम राज्य शासनाच्या धर्तीवर आहेत. म्हणजे १ जानेवारी आणि १ जुलै रोजी प्रत्येकी १५ दिवसांची अर्जित रजा आगाऊ जमा होते, रोखीकरणाची मर्यादा ३०० दिवस आहे आणि अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेला ३० ने भागून एका दिवसाचा दर निघतो. घरभाडे भत्ता यात धरीत नाहीत. नैमित्तिक रजेचा तर प्रश्नच येत नाही.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती नोंदवहीतील शिल्लक तशीच उचलण्यात. जानेवारीत जमा झालेले १५ दिवस जूनअखेरपर्यंतच्या सेवेचे असतात. दरमहा अडीच दिवस या हिशेबाने मार्चअखेर त्यांपैकी साडेसात, म्हणजे पूर्णांकात ८ दिवसच कमावलेले असतात. उरलेले ७ वजा केले पाहिजेत.

लिपिकाच्या नावावर २१२ दिवस आहेत. ७ वजा जाता २०५ उरतात. वेतन व भत्ता मिळून ६०,००० रुपये, म्हणजे दिवसाचा दर २,००० आणि देणे ४,१०,००० रुपये. व्यवस्थापकाचे ३११ मधून ७ गेल्यावर ३०४ दिवस राहतात, पण मर्यादेमुळे ३००च धरावयाचे. २,८०० रुपये दराने ८,४०,००० होतात. शिपायाचे नोंदवहीत ४८ दिवस दिसतात. परंतु मार्चमध्ये उपभोगलेली ५ दिवसांची अर्जित रजा हजेरीपटावर आहे आणि रजेच्या खात्यावर चढलेली नाही. ही दोन दप्तरे ताडून पाहिल्याखेरीज असा फरक सापडत नाही. ३६ दिवसांचे १,००० रुपये दराने ३६,००० रुपये झाले. एकूण देणे १२,८६,००० रुपये.

ही संपूर्ण रक्कम या वर्षाचा खर्च नव्हे. गतवर्षअखेरची तरतूद ११,४२,००० रुपयांची होती. वर्षात निवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्यास त्यातून १,८०,००० दिले गेले आणि ९,६२,००० उरले. ते १२,८६,००० पर्यंत नेण्यासाठी लागणारे ३,२४,००० रुपये हाच यंदाचा खर्च. दोन वर्षांच्या तरतुदींतील नुसता फरक, म्हणजे १,४४,००० रुपये, खर्ची टाकला तर निवृत्ताला दिलेली रक्कम हिशेबातून निसटते.

या खर्चात जुन्या रजेचाही वाटा असतो. लिपिकाचा गतवर्षीचा दर १,९०० रुपये होता आणि शिल्लक १९० दिवस होती. त्या १९० दिवसांचेच देणे केवळ दर वाढल्याने १९,००० रुपयांनी चढले.

ही सोपी पद्धत लहान आस्थापनेपुरती आहे. लेखा मानक १५ लागू असलेल्या उद्योगात ५० किंवा अधिक कर्मचारी असल्यास भावी वेतनवाढ, सेवेतून गळती आणि व्याजदर लक्षात घेऊन विमागणितज्ञाकडून मूल्यांकन करून घ्यावे लागते.