शून्य प्रवाहातली दोन माणसे: ड्रिफ्ट आणि विसरण

गेल्या सत्रात भौतिकशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर सिलिकॉनची एक पट्टी काढली. पट्टीच्या डाव्या टोकाला फॉस्फरसचे अणू जास्त मिसळलेले होते आणि उजवीकडे ते कमी कमी होत गेले होते. पट्टीला बॅटरी नाही, तार नाही. सरांनी मला उभे करून विचारले, "पट्टीतून एकूण किती प्रवाह वाहतो?" मी म्हणालो, "शून्य, सर." "बरोबर. आणि पट्टीच्या आत विद्युत क्षेत्र किती?" मी लगेच म्हणालो, "तेही शून्य. बॅटरीच नाही तर क्षेत्र येणार कुठून?"

सर म्हणाले, "मग डावीकडचे इलेक्ट्रॉन उजवीकडे पसरत का नाहीत? त्यांना कोण थांबवतं?"

मला उत्तर देता आले नाही. रात्रीच्या अभ्यासिकेत दोन दिवस याच प्रश्नावर घातले. त्यातून जे समजले ते इथे लिहितो आहे, कारण माझ्यासारखी चूक आणखी कोणीतरी करत असणार.

प्रवाहाची दोन कारणे

अर्धसंवाहकात इलेक्ट्रॉन दोन कारणांनी सरकतात. पहिले कारण विद्युत क्षेत्र. क्षेत्र E असेल तर इलेक्ट्रॉन सतत स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांवर आणि अशुद्धींवर आदळत असतात, तरीही त्यांना सरासरी एक वेग मिळतो. हा वेग μE इतका असतो. μ म्हणजे गतिशीलता, म्हणजे एकक क्षेत्रात मिळणारा वेग. या सरकण्याला ड्रिफ्ट म्हणतात. एक घन सेंटिमीटरमध्ये n इलेक्ट्रॉन असतील आणि प्रत्येकाचा प्रभार q असेल, तर ड्रिफ्ट प्रवाहाची घनता qnμE होते.

दुसरे कारण विसरण, म्हणजे डिफ्यूजन. परेडवर "विसर्जन!" झाले की मैदानाच्या एका कोपऱ्यात उभी असलेली तुकडी थोड्याच वेळात सगळीकडे पसरते, तसेच काहीसे. पण एक फरक आहे. आपल्याला मेसकडे जायचे असते, इलेक्ट्रॉनला कुठेच जायचे नसते. तो डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच शक्यतेने भटकतो. पण डावीकडे हजार आणि उजवीकडे शंभर इलेक्ट्रॉन असतील, तर मधली रेषा ओलांडून उजवीकडे जाणारे आपोआपच जास्त भरतात. कोणी ढकलत नाही, तरी प्रवाह होतो. त्याची घनता qD(dn/dx) इतकी असते. dn/dx म्हणजे अंतरागणिक संख्येत होणारा बदल, आणि D म्हणजे विसरण गुणांक.

इलेक्ट्रॉन कशाने थांबतात

आता सरांच्या पट्टीकडे येऊ. पट्टी तयार झाल्या क्षणी डावीकडचे काही इलेक्ट्रॉन उजवीकडे पसरू लागतात. पण त्यांना सोडणारे फॉस्फरसचे अणू स्फटिकात घट्ट बसलेले असतात. ते मागेच राहतात आणि त्यांच्यावर धन प्रभार उघडा पडतो. डावे टोक किंचित धन होते, उजवे किंचित ऋण. म्हणजे पट्टीत डावीकडून उजवीकडे जाणारे विद्युत क्षेत्र तयार झाले, बॅटरीशिवाय! हे क्षेत्र इलेक्ट्रॉनना परत डावीकडे ओढते. जितके इलेक्ट्रॉन विसरणाने जातात तितकेच ड्रिफ्टने परत येऊ लागले, की क्षेत्र वाढायचे थांबते.

म्हणजे माझे पहिले उत्तर बरोबर होते आणि दुसरे चूक. एकूण प्रवाह शून्य आहे, पण तो दोन समान आणि विरुद्ध प्रवाहांची बेरीज होऊन शून्य आहे:

qnμE + qD(dn/dx) = 0

या शून्यातून निघणारे नाते

उष्णतेच्या समतोलात विभव V जास्त असेल तिथे इलेक्ट्रॉन जास्त असतात, आणि त्यांची संख्या e^(qV/kT) या प्रमाणात बदलते. हा बोल्ट्झमनचा नियम. उंचावर हवा विरळ होत जाते, त्यामागेही हाच नियम आहे. तिथे गुरुत्व खाली ओढते आणि विसरण वर पसरवते. या नियमावरून, आणि E = −dV/dx असल्यामुळे:

dn/dx = −n(q/kT)E

हे वरच्या समीकरणात घातले की n आणि E दोन्ही कटून जातात आणि उरते ते असे:

D/μ = kT/q

ब्राउनियन गतीवरच्या १९०५ च्या निबंधात आइन्स्टाइनने द्रवात तरंगणाऱ्या कणांसाठी याच पद्धतीने विचार केला होता. म्हणून या सूत्राला आइन्स्टाइनचे नाते म्हणतात. मला त्यात आवडले ते हे, की μ आणि D वेगवेगळ्या गोष्टी वाटल्या तरी दोघांना रोखणाऱ्या धडका एकच आहेत. धडका वाढल्या की क्षेत्राने ओढणेही अवघड होते आणि भटकून दूर जाणेही, तेही सारख्याच प्रमाणात. म्हणून भागाकारातून धडकांचा हिशेब निघून जातो आणि फक्त तापमान उरते.

एक उदाहरण सोडवू

सिलिकॉनची पट्टी १० मायक्रोमीटर, म्हणजे १०⁻³ सेमी लांब आहे. डाव्या टोकाला इलेक्ट्रॉनची संख्या दर घन सेंटिमीटरला १०¹⁶ आहे. ती उजवीकडे घातांकी पद्धतीने घटत १०¹⁵ होते. तापमान ३०० केल्व्हिन. गतिशीलता सगळीकडे १३०० सेमी²/व्होल्ट-सेकंद मानू. D, E आणि दोन्ही प्रवाह काढा.

पायरी १. kT/q = (१.३८ × १०⁻²³ × ३००) ÷ (१.६ × १०⁻¹⁹) = ०.०२५९ व्होल्ट.

पायरी २. D = १३०० × ०.०२५९ = ३३.७ सेमी²/सेकंद.

पायरी ३. संख्या दहापट कमी होते आणि ln १० = २.३०३. घातांकी घट असल्यामुळे (1/n)(dn/dx) सगळीकडे सारखेच असते: −२.३०३ ÷ १०⁻³ = −२३०३ प्रति सेमी.

पायरी ४. शून्य प्रवाहाच्या समीकरणावरून E = −(D/μ)(1/n)(dn/dx) = ०.०२५९ × २३०३ = ५९.६ व्होल्ट/सेमी. उत्तर धन आले, म्हणजे क्षेत्र डावीकडून उजवीकडे. आपण आधी चित्रावरून ठरवले होते तेच.

पायरी ५. डाव्या टोकाशी ड्रिफ्ट प्रवाहाची घनता = १.६ × १०⁻¹⁹ × १०¹⁶ × १३०० × ५९.६ = सुमारे १२४ अँपिअर/सेमी², उजवीकडे.

पायरी ६. तिथेच विसरण प्रवाहाची घनता = १.६ × १०⁻¹⁹ × ३३.७ × १०¹⁶ × (−२३०३) = सुमारे −१२४ अँपिअर/सेमी², म्हणजे डावीकडे. बेरीज शून्य.

पट्टीचे तोंड एक चौरस मिलिमीटर असेल तर तिथे प्रत्येक प्रवाह १.२४ अँपिअर भरतो. कुठेही न जोडलेल्या, टेबलावर पडलेल्या तुकड्यात एवढे चालू असते, आणि बाहेरून सगळे शांत! एका दोरीला दोन्ही बाजूंनी सारख्याच ताकदीने दोन माणसे ओढत असावीत, तसे ते आहे. दोरी हलत नाही म्हणून माणसे नाहीत असे मी समजलो होतो.

मी केलेल्या चुका

पहिली चूक तापमानाची. मी एकदा ३०० ऐवजी २७ घातले, आणि kT/q जेमतेम २.३ मिलिव्होल्ट आले. खोलीच्या तापमानाला हे उत्तर नेहमी २६ मिलिव्होल्टच्या आसपास हवे. D/μ चे एकक व्होल्टच येते, तीही एक तपासणी आहे.

दुसरी चूक चिन्हाची. इलेक्ट्रॉन उजवीकडे पसरतात म्हणून मी विसरण प्रवाहही उजवीकडे दाखवला. इलेक्ट्रॉन ऋण आहे, म्हणून प्रवाहाची दिशा उलट. ही चूक ओळखायला सोपी आहे: दोन्ही प्रवाह एकाच बाजूला येतात आणि बेरीज शून्याऐवजी २४८ होते.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. पट्टीच्या दोन टोकांत ५९.६ × १०⁻³ = सुमारे ६० मिलिव्होल्टचा फरक आहे. मी सरांना म्हणालो, "मग मल्टिमीटर लावून मोजू या." सर हसले. मीटर शून्यच दाखवेल. मीटरच्या तारा टोकांना टेकतात तिथे धातू आणि सिलिकॉनच्या सांध्यावरही असेच छोटे विभव तयार होतात, आणि सगळीकडे तापमान सारखे असेल तर संपूर्ण वर्तुळातली बेरीज शून्य होते. तसे नसते, तर टेबलावरच्या सिलिकॉनमधून फुकट वीज कायम मिळत राहिली असती.

या नात्याला मर्यादाही आहे. डोपिंग फार वाढून इलेक्ट्रॉनची संख्या १०¹⁹ च्या पलीकडे गेली, की जागांसाठी गर्दी होते आणि बोल्ट्झमनचा साधा नियम चालत नाही. तेव्हा D/μ हे kT/q पेक्षा जास्त भरते. आपल्या उदाहरणातली १०¹⁶ ही संख्या त्याच्या खूप खाली आहे, म्हणून तिथे काळजी नाही.

शेवटी वाचकांसाठी एक प्रश्न. त्याच पट्टीत संख्या १०¹⁶ वरून १०¹⁴ पर्यंत घटली, तर दोन टोकांतला विभवाचा फरक किती? गतिशीलता मी मुद्दाम दिलेली नाही. ती का लागत नाही, हे सांगता आले तर आइन्स्टाइनचे नाते समजले असे धरा. उत्तर सुमारे ११९ मिलिव्होल्ट.