आगगाडीची वेळ आणि गावाची वेळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हा प्रत्येक गावाचे मध्यान्ह निराळे होते. सूर्य माथ्यावर आला की त्या गावी बारा वाजत. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. अर्थात एका अंशास चार मिनिटे लागतात. मुंबई सुमारे ७२ अंश ५० कलांवर, तर नागपूर ७९ अंश ५ कलांवर आहे. अंतर सव्वासहा अंशांचे, म्हणून नागपुरास मुंबईच्या २५ मिनिटे आधी बारा वाजत. पंचांगकर्त्यांस हा भेद पूर्वीपासून ठाऊक होता. परंतु बैलगाडीने कित्येक आठवडे वाट चालणाऱ्यास त्याची काय क्षिती!

आगगाडीस मात्र तो भेद घातक होता. एकाच रुळावरून समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांनी एकमेकींस कोणत्या स्टेशनात वाट द्यावयाची, हे वेळापत्रक ठरवी. दोन स्टेशनमास्तरांच्या घड्याळांत दहा मिनिटांचा फरक पडला, तर एकाच्या मते रूळ मोकळा असताना त्यावर दुसऱ्याची गाडी धावत असावयाची. म्हणून सर्व मार्गावर एकच वेळ हवी, आणि ती सर्व स्टेशनांस कळविणारेही कोणी हवे. हे काम तारायंत्राने केले. मद्रासच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या वेधांवरून घड्याळ शुद्ध करीत व तेथून तारेने वेळेचा इशारा दूरच्या स्टेशनांस जाई. मद्रास हे मुंबई व कलकत्ता यांच्या रेखांशांमध्ये असल्याने ते दोहोंस सोयीचे ठरले.

पण तारेने एक मौजही केली. कलकत्त्याची वेळ मुंबईच्या ६२ मिनिटे पुढे. तेथून दहा वाजता निघालेली तार वीस मिनिटांत मुंबईस पोहोचली, तर येथील घड्याळात नऊ वाजून अठरा मिनिटे झालेली असत! कापसाच्या दलालाने भावाच्या तारेवरील वेळ वाचताना ही कोणत्या गावची, हे आधी पाहिले नाही तर कोणती तार आधीची हेच त्यास कळत नसे.

मद्रासची वेळ मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. स्टेशनवर दहाची गाडी म्हणजे शहराच्या घड्याळात साडेनऊ. घरच्या घड्याळावर विसंबणाऱ्याची गाडी चुकलीच म्हणावयाची. ही दोन वेळांची अडचण मिटावी म्हणून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने १८८१ साली मुंबई शहरासही मद्रासची वेळ लावली. लोकांस ते रुचले नाही, व आम्हांस त्यांचा राग अगदीच गैर वाटत नाही. कारण घड्याळ पुढे केल्याने सूर्य लवकर उगवत नाही, कचेरीस मात्र अर्धा तास आधी निघावे लागते. १८८३ मध्ये तो हुकूम मागे घेतला गेला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईच्या नगरपालिकेने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली जुनी वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नाही.