आठ तारखेचे फोन

प्रश्न : चाकणजवळच्या आमच्या कारखान्यात अकाउंट्सला असलेल्या एका ताईंना पुढच्या आठवड्यात पाच वर्षं पूर्ण होताहेत. कंपनीच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय. 'मेहनती, मनमिळाऊ, विभागाचा कणा' एवढं लिहून झालं आणि गाडी अडली. साहेब म्हणतात, नेमकं काय केलं ते लिही. पण ताईंचं काम रोजचंच आहे. त्यात नेमकं ते काय शोधायचं?

उत्तर : तुमच्या मजकुरात ताईंच्या जागी स्टोअरमधल्या एखाद्या दादांचं नाव घालून पाहा. एक अक्षरही बदलावं लागणार नाही. म्हणजे तो अजून कोणाबद्दलच झालेला नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी उलट एकच विचारलं होतं : ताई रजेवर गेल्या की काय अडतं? तुम्ही कळवलंत, "तसं काही नाही, फक्त आठ तारखेचे फोन राहतात." अहो, ते फोनच तुमचा मजकूर आहेत! रोजच्या कामातलं मोठं काम असंच असतं. ते नीट झालं की काही घडतच नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आता ते फोन कशासाठी, ते पाहू. तुम्ही कच्चा माल घेता, बिलात जीएसटी भरता आणि तो पुढे आपल्या करातून वळता करून घेता. पण 2022 च्या जानेवारीपासून नियम असा, की पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणात दाखवलं तरच तुम्हाला वळतं मिळतं. दरमहा विवरण भरणाऱ्याची मुदत पुढच्या महिन्याची 11 तारीख. 14 तारखेला तुमचा `GSTR-2B` तयार होतो आणि त्यात जे बिल नाही, त्याचं वळतं त्या महिन्यात नाही. एक लाखाच्या मालावर 18 टक्के, म्हणजे 18 हजार रुपये खिशातून घालून बसायचं. बरेच जण 14 ला तक्ता उघडतात आणि मग पुरवठादाराच्या नावाने बोटं मोडतात. तुमच्या ताई आठलाच फोन करतात, कारण तेव्हा हातात तीन दिवस असतात. शिवाय, तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे, त्या फोनवर बिल नंबर आणि आपला 15 अक्षरांचा जीएसटी नंबर समोरच्याकडून वाचून घेतात. बिल भरलं, पण भलत्याच्या नंबरावर, हा घोळ तिथेच सापडतो.

हे कळलं की लिहायला फार लागत नाही. मी असं लिहीन :

"ताईंना आज आपल्याकडे पाच वर्षं झाली. दर महिन्याच्या आठ तारखेला त्यांच्या टेबलावर पुरवठादारांची यादी आणि पेन्सिल असते. ज्याचं बिल अजून भरलेलं नाही त्याला फोन, भरलं की टिक. ही पद्धत त्यांनी स्वतः सुरू केली. 14 तारखेला अडकलेल्या बिलांवरून खरेदी विभागाशी होणारी आपली वादावादी त्यानंतर थांबली. नव्या मुलांनाही हे फोन करायला त्यांनीच शिकवलं. ताई, अभिनंदन!"

यातलं शेवटून दुसरं वाक्य मी अंदाजाने घातलंय. नव्या मुलांना विचारा. खरं नसेल तर काढून टाका. वादावादी थांबल्याचंही खरेदी विभागातल्या कोणाकडून तरी वदवून घ्या. अकाउंट्सच्या कामाची किंमत अकाउंट्सबाहेरच्या माणसाला जास्त कळते. मी एकदा एका सहकाऱ्याचं असंच भरभरून लिहिलं आणि दोघांनी मिळून केलेलं काम त्याच्या एकट्याच्या नावावर मांडलं. दुसऱ्याने ग्रुपवर फक्त अंगठा टाकला. तो अंगठा मला अजून आठवतो.

काय गाळायचं तेही सांगतो. किती रुपये वाचले तो आकडा आणि चुकणाऱ्या पुरवठादाराचं नाव ग्रुपवर नको. असे मजकूर बाहेर जायला वेळ लागत नाही. 'रात्री अकरापर्यंत थांबल्या' हे कौतुक म्हणून लिहू नका. त्यात कौतुक ताईंचं कमी आणि माणसं अपुरी असल्याची कबुली जास्त. घरचं आजारपण, मुलांच्या परीक्षा सांभाळून काम केलं वगैरे तर मुळीच नको. ते त्यांचं त्यांनी सांगायचं.

लांबी एवढीच ठेवा. दुसरी एखादी ठळक गोष्ट सापडली तर ती घाला, पण पाच वर्षांची यादी करू नका. आणि टाकण्याआधी मजकूर ताईंना वाचायला द्या. फोन आठला करतात की सातला, हे तुमच्यापेक्षा त्यांनाच पक्कं ठाऊक.