मलेरियाची तपासणी निगेटिव्ह, तरी ताप का?

थंडी वाजून ताप आला, की आपण बोटाचे रक्त तपासून घेतो. पट्टी निगेटिव्ह, काचेवरचे रक्तही निगेटिव्ह. मग मलेरिया नाही असे धरून चालतो. पण त्या निकालाचा अर्थ एवढाच, की त्या वेळी त्या थेंबात जंतू सापडले नाहीत.

पट्टीवर रेघ उमटायला एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे थेंबाच्या लहानशा अंशात, साधारण १०० ते २०० जंतू लागतात. समजा, सोमवारी ते २० होते. जंतूंची नवी पिढी सुमारे ४८ तासांनी बाहेर पडते. ती दसपट झाली, तर बुधवारी २०० होतील आणि तीच पट्टी पॉझिटिव्ह येईल. म्हणून ताप टिकला तर १२ ते २४ तासांच्या अंतराने रक्त पुन्हा द्यावे. तिन्ही वेळा निगेटिव्ह आले, तर मलेरियाची शक्यता फार कमी. तोवर डॉक्टरांकडून डेंग्यू, टायफॉइडचीही तपासणी करून घ्यावी.

मधेच घरात उरलेल्या क्लोरोक्विनच्या गोळ्या घेऊ नयेत. जंतू कमी होऊन तपासणीत लपतात, आजार मात्र राहतो.

शुद्ध हरपणे, झटके, धाप किंवा सतत उलट्या असतील, तर दुसऱ्या तपासणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.