यू बिग बंबलिंग बफून!

प्रश्न : नातू इंग्रजी कार्टून मराठीत बघतो. त्यातली पात्रं एकमेकांना भरपूर वेडंवाकडं बोलतात, तरी मला राग येत नाही, हसूच येतं. मूळ शिव्या गाळून टाकतात का?

उत्तर : आजोबा, गाळल्या असत्या तर तुम्ही हसलाच नसता. पात्राचं तोंड उघडं राहील आणि आवाज नाही, असं चालत नाही. शब्दशः भाषांतरही होत नाही. शिवी नव्याने रचावी लागते.

समजा, चिडलेला बोका ओरडतो, "यू बिग बंबलिंग बफून!" याचं सरळ मराठी 'अरे मोठ्या धांदरट विदूषका'. अर्थ बरोबर, पण विनोद गेला, आणि वाक्यही लांबलं. बोक्याचं तोंड मिटलं तरी आवाज चालूच! म्हणून संवादलेखक आधी उच्चाराचे ठोके मोजतो. इथे सहा आहेत. मग बघतो ओठ कुठे मिटतात, कारण प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटलेच पाहिजेत आणि प्रेक्षकाच्या डोळ्याला तेवढंच खटकतं. बाकी व्यंजनांत बरीच सूट मिळते.

आता म्हणून बघा : "ए बावळट भोपळ्या!" 'बावळट' ताणून म्हटलं की ठोके सहाच. 'बिग'च्या जागी 'बा', 'बफून'च्या 'ब'वर 'भो'. मधल्या 'बंब'वर मात्र 'व' येतो. त्यात खालचा ओठ दातांजवळ जातो, तेवढ्यावर भागतं. अगदी जवळून दाखवलेला चेहरा असेल तरच अडतं.

पण समोरचं पात्र लठ्ठ असेल तर भोपळा बाद. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एखाद्या गुबगुबीत मुलाला तोच शब्द चिकटतो. तिथे "ए बथ्थड बुजगावण्या!" बरं, ठोके तेवढेच. जात, रंग, व्यंग आणि आई-बाप यांना हात लावायचा नाही. भाजी, भांडी, जनावरं यांना मात्र मोकळीक. लोकांना वाटतं, शब्द सौम्य असला की झालं. 'काळ्या' हा शब्द तसा सौम्यच की! तो कुणाला लागेल, हे बघायचं असतं. 'मेल्या'चंही तसंच : कोकणात लाडानेही म्हणतात, दुसरीकडे तो शाप वाटतो. सगळीकडे दिसणाऱ्या मालिकेत मी तो टाळेन.

एक अडचण मात्र आपली खास. इंग्रजीत पोर मास्तरांनाही 'यू'च म्हणतं. मराठीत 'तू' घातलं तर पोर उद्धट ठरतं, 'तुम्ही' घातलं तर धार जाते. यावर माझा आवडता तोडगा म्हणजे "अहो भोपळेसर!" आदर पुरा, खोडीही पुरी, आणि मास्तरांना रागवायचं कशावर, तेच कळत नाही. अर्थात मास्तर सडपातळ हवेत.