एका जंतूपासून दहा लाख: टीबीच्या कल्चरला इतके दिवस का लागतात?

शिवडीला महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय असल्यामुळे आपल्या वस्त्यांत ‘कल्चर’ हा शब्द नवा नाही. सीबीनॅटचा रिपोर्ट साधारण दोन तासांत तयार होतो, पण कल्चरचा रिपोर्ट यायला आठवडे लागतात. प्रयोगशाळा आळशी आहे असे आपल्याला वाटते, पण खरा हिशोब जंतूच्या वाढीचा आहे.

जंतू वाढतो म्हणजे एकाचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. वहीत मांडून पाहा: दहा वेळा दुप्पट झाल्यावर १,०२४ होतात. आणखी दहा वेळा दुप्पट केले की १,०२४ गुणिले १,०२४, म्हणजे १०,४८,५७६. एकापासून दहा लाख व्हायला फक्त वीस दुपटी पुरतात. गंमत अशी की एकोणिसाव्या दुपटीला संख्या जेमतेम सव्वापाच लाख असते.

आता एक दुप्पट व्हायला किती वेळ लागतो ते पाहू. आपल्या आतड्यातला ई-कोलाय जंतू भरपूर अन्न आणि ऊब मिळाल्यास सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. टीबीच्या जंतूला सुमारे वीस तास लागतात. सोमवारी सकाळी आठला दोघांचा एकेक जंतू वाढू लागला असे धरा. ई-कोलायच्या वीस दुपटी ४०० मिनिटांत होतात, म्हणजे त्याच दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी दहा लाख. टीबीला ४०० तास लागतात, म्हणजे १६ दिवस १६ तास. तेव्हा तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारची मध्यरात्र झालेली असते.

हा कागदावरचा हिशोब झाला. प्रत्यक्षात बेडक्यात तोंडातले इतर जंतूही असतात. ते मारायला बेडक्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करतात, त्यात टीबीचेही काही जंतू मरतात. उरलेले लगेच वाढू लागत नाहीत. उलट, सुरुवातीलाच हजार जंतू असतील तर दहा दुपटी, म्हणजे आठ दिवसांहून थोडा जास्त वेळ वाचतो. म्हणून ज्याच्या बेडक्यात जंतू जास्त, त्याचे कल्चर लवकर पॉझिटिव्ह येते. औषधे सुरू असलेल्या रुग्णाचे उशिरा येते किंवा येतच नाही. द्रव माध्यमातल्या बाटलीत ४२ दिवस वाट पाहूनही वाढ दिसली नाही, तरच ‘निगेटिव्ह’ लिहितात.

बाटली एका दिवसातच गढूळ झाली, तर तंत्रज्ञाला लगेच संशय येतो. इतक्या वेगाने टीबीचा जंतू वाढूच शकत नाही, दुसरेच कोणीतरी शिरले आहे. मग पुन्हा बेडका मागतात, आणि गेलेले दिवस वाया जातात. म्हणून नुसती थुंकी देऊ नका. सकाळी पाण्याने चूळ भरून, छातीतून खोकून बेडका काढा. डबी उन्हात न ठेवता लगेच पोहोचवा, कारण वाटेत ते वीस मिनिटांवालेच आधी वाढतात. आणि सीबीनॅटवरून डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या असतील, तर कल्चरच्या रिपोर्टची वाट पाहत त्या थांबवू नका.