कांद्याची पट्टी आणि कागदाची पट्टी

खंडाळ्यात (आपल्या पारगाव-खंडाळ्यात, लोणावळ्याजवळच्या नव्हे) पालकांशी बोलताना एका वडिलांनी विचारलं, "पोरगी म्हणते सर्व्हिस डिझाइन शिकणार. म्हणजे नक्की काय करणार? त्याचा पगार कोण देतं?" उत्तरादाखल मी तिला तिनेच केलेला कागद उघडायला सांगितला. भिंतीवरच्या कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून, आडवी चिकटवून केलेली जवळजवळ सहा फुटांची पट्टी होती ती. विषय होता लोणंदच्या बाजारात कांदा विकायला जाणारा शेतकरी.

या कामाला कस्टमर जर्नी मॅप म्हणतात. ग्राहक एखादी सेवा घेताना कुठून कुठे जातो, प्रत्येक टप्प्यावर काय करतो, त्याला काय वाटतं आणि कुठे अडतं, हे एका आडव्या पट्टीवर मांडायचं. डावीकडून उजवीकडे वेळ जातो, वरून खाली रकाने. वाचायला सोपं वाटतं, पण करायला बसलं की पहिल्याच रकान्यात माणूस चुकतो.

ही मुलगीही चुकली. तिच्या पहिल्या पट्टीवर चार टप्पे होते: आवक, लिलाव, तोल, हिशेब. हे टप्पे गाळ्याचे आहेत, शेतकऱ्याचे नाहीत. अडत्याच्या दृष्टीने माल आवारात आला की काम सुरू होतं आणि पट्टी फाडली की संपतं. शेतकऱ्याचा दिवस मात्र आदल्या संध्याकाळी भावाच्या फोनाफोनीने सुरू होतो. आणि तो संपतो पैसे खात्यावर आल्यावर, किंबहुना पुढच्या वेळी याच गाळ्यावर माल टाकायचा की शेजारच्या, हे ठरवल्यावर. तो शेवटचा निर्णयच गाळेवाल्याच्या पोटापाण्याचा आहे, कारण माल आला नाही तर त्याला आडत कसली? म्हणून इथे शेतकरी विकणारा असला, तरी गाळ्याचा ग्राहक तोच.

दुसऱ्या वेळी तिने आठ टप्पे केले. भावाची चौकशी, कातरणी आणि भरणी, टेम्पो, आवारात उतरवणं, लिलाव, तोलाई, पट्टी आणि पैसे. प्रत्येक टप्प्याखाली चार ओळी: शेतकरी काय करतो, किती वेळ लागतो, त्याला काय वाटतं, कुठे खुपतं. वेळेची ओळ मी आग्रहाने घालायला लावली. पट्टीवर सगळे चौकोन सारख्याच रुंदीचे असतात. त्यामुळे दोन मिनिटांत उरकणारा एका वक्कलाचा लिलाव आणि त्यानंतरचं तीन तासांचं ताटकळणं कागदावर सारखंच दिसतं. पालखीच्या वेळापत्रकात नीरा-स्नान आणि लोणंदचा मुक्काम लिहिलेला असतो, वारकऱ्याच्या पायाचे फोड लिहिलेले नसतात; तसंच हे.

भावनांच्या ओळीत तिने आधी सरळ 'चिंता', 'नाराजी', 'समाधान' असे शब्द भरले होते. मी विचारलं, "हे कोण म्हणालं?" कोणीच नाही, घरी बसून सुचलेले. मग ती पाच शेतकऱ्यांशी बोलली आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले. जे ऐकलं ते पेनने, जो आपला अंदाज तो पेन्सिलने, हा नियम मी तिला घालून दिला. पेन्सिलीचा मजकूर जास्त असेल तर तो नकाशा नसून कल्पना आहे, हे कुणी न सांगता दिसतं.

इथे आणखी एक गोष्ट घडली. पाचांपैकी एकाचा स्वतःचा टेम्पो होता आणि शंभर पिशव्या. दुसऱ्याच्या बारा पिशव्या, त्याही शेजाऱ्याच्या टेम्पोत. तिने दोघांची सरासरी काढली आणि पट्टी गुळमुळीत झाली, कारण शंभर पिशव्यांवाल्याला भाड्याची फिकीर नाही आणि बारावाल्याला शेजारी निघेल तेव्हाच निघावं लागतं. एका पट्टीवर एकच माणूस हवा. तिने बारा पिशव्यांचा शेतकरी निवडला. तिची ती निवड मला सगळ्यात शहाणपणाची वाटली.

आता भावनांच्या ओळीत वर-खाली जाणारी रेघ काढायची: बरं वाटलं की वर, त्रास झाला की खाली. तिची खात्री होती की रेघ सर्वांत खाली लिलावात जाणार. ती तिथे खाली गेलीही, पण थोडीच. भाव पडला तर सगळ्यांचाच पडतो, शेजारच्या वक्कलाचा पुकाराही कानावर येतो, त्यामुळे माणूस मनाला समजावतो. खोल खड्डा पुढे होता, तोलाईपासून पट्टी हातात येईपर्यंत. "किती भरला ते कुणी सांगत नाही, आणि विचारलं तर थांबा म्हणतात," हे तिघांनी आपापल्या शब्दांत सांगितलं. मग पट्टी येते, त्यात हमाली, तोलाई, वाराईचे आकडे असतात, आणि कुठला आकडा कशाचा हे विचारायची त्या गर्दीत हिंमत होत नाही.

तो उभा रकाना वरून खाली वाचला की खुपण्याचं कारण आपोआप उलगडतं. शेतकरी काही करत नाही, वेळ खूप जातो, माहिती शून्य. उपायही त्याच रकान्यात सापडतो: वजन होताच पिशव्यांची संख्या आणि किलो लिहिलेली एक चिठ्ठी हातात द्यायची. भाव वाढवणं गाळेवाल्याच्या हातात नाही, चिठ्ठी देणं आहे. खुपणाऱ्या जागांपैकी कुठली आपल्या आवाक्यातली आणि कुठली नाही, हे पट्टीवर वेगळं काढता आलं नाही, तर ती नुसती भिंतीची शोभा.

हीच गोष्ट मोठ्या कामातही दिसते. अमेरिकेत अॅमट्रॅकने एसेला ही वेगवान रेल्वे आणताना आयडिओ या डिझाइन संस्थेकडे डब्यांच्या आतील रचनेचं काम दिलं. संस्थेने प्रवाशाच्या वाटेचे दहा टप्पे मांडले, तर आसनावर बसणं आठव्या टप्प्यावर आलं. आधीच्या सात टप्प्यांत चौकशी, तिकीट, वाट पाहणं असं सगळं होतं, आणि नुसतं आसन सुधारून त्यातलं काहीच सुटत नव्हतं. बँका, दवाखाने, विमा कंपन्या, अॅप बनवणाऱ्या कंपन्या यासाठीच माणसं ठेवतात. पगार तेच देतात.

त्या वडिलांचा पुढचा प्रश्न होता, "सायन्स नाही घेतलं तर?" चालतं. मुंबईच्या आयआयटीतल्या बी.डेस.साठी यूसीड ही परीक्षा असते. बारावी कुठल्याही शाखेची चालते. पदवीनंतर एम.डेस.ला जायचं तर सीड. अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी. यूसीडमध्ये चित्र काढावं लागतं, तेव्हा हात अगदीच अवघडलेला असेल तर अकरावीपासून रोज थोडं रेखाटन करा. तयार नमुन्यात चौकोन भरायला शिकवणाऱ्या आठवडाभराच्या कोर्सवर मात्र पैसे घालवू नका. नोकरीच्या मुलाखतीत पट्टी सुबक आहे का ते गौण असतं, किती जणांशी बोललात ते विचारतात.

यूसीड साधारण जानेवारीत होते आणि अर्ज त्याआधीच्या ऑक्टोबरात भरावे लागतात. बारावीचा निकाल लागल्यावर माझ्याकडे आलात, तर त्या वर्षाची परीक्षा होऊन गेलेली असते.